लोखंडी साकव आणि सात मेंबर: मेथड ऑफ जॉइंट्सच्या स्लाइड्स समजावताना

ट्रस अ‍ॅनालिसिसच्या तयार स्लाइड्समध्ये साधारण एकच प्रकार दिसतो. पहिल्या स्लाइडवर त्रिकोणांची एक आकृती, दुसरीवर पाचही जॉइंटची समीकरणं एकदम, तिसरीवर उत्तरांचा तक्ता. पोरं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आकृती जरा बदलली की हात वर करतात. गणित काही अवघड नसतं, बेरीज-वजाबाकीच असते. गाडी अडते ती एका जॉइंटवरून दुसऱ्या जॉइंटवर जाताना, उणे चिन्हापाशी. म्हणून इथे एकच छोटा सांगाडा घेऊन तो स्लाइडमागून स्लाइड कसा उलगडायचा ते सांगतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्यांना आणि सेमिनार देणाऱ्या विद्यार्थ्यांना तो तसाच वापरता येईल.

सांगाडा म्हणजे आपल्याकडचा साकव. वाडीतून शाळेकडे जाताना वहाळ आडवा येतो, त्यावर टाकलेला लोखंडी पादचारी पूल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोराला ‘सिम्पली सपोर्टेड वॉरेन ट्रस’ म्हटलं तर तो फळ्याकडे बघतो. साकव म्हटलं की त्याला दोन्ही काठांवरचे जांभ्या चिऱ्याचे बांध, मधली लोखंडी जाळी आणि पावसाळ्यातलं खालचं तांबडं पाणी दिसतं. पहिल्या स्लाइडवर फोटो लावायचा तर अशाच एखाद्या साकवाचा, बाजूने काढलेला लावा. समोरून काढलेल्या फोटोत ट्रस दिसत नाही, फक्त वाट दिसते.

फोटोवरून रेघांवर

दुसऱ्या स्लाइडवर फोटो पुसट करून त्यावरच रेघा ओढा. आपला साकव ६ मीटर लांब धरू. खालच्या बाजूला तीन जॉइंट: डाव्या बांधावर A, मधोमध C, उजव्या बांधावर E. वरच्या बाजूला दोन: B हा A आणि C यांच्या बरोबर मध्यावर, २ मीटर उंच, D तसाच C आणि E यांच्या मध्यावर. मेंबर सात: खाली AC आणि CE, वर BD, आणि तिरके AB, BC, CD, DE. खालचे आणि वरचा मेंबर प्रत्येकी ३ मीटरचा. तिरका मेंबर आडवा १.५ मीटर जातो आणि उभा २ मीटर चढतो, म्हणून त्याची लांबी २.५ मीटर येते.

ही मापं मुद्दाम निवडली आहेत. १.५, २ आणि २.५ म्हणजे ३-४-५ चाच त्रिकोण. तिरक्या मेंबरमधल्या बलाचा उभा भाग ०.८ पट आणि आडवा भाग ०.६ पट, बस्स. स्लाइडवर साइन-कोसाइन लिहूच नका. ‘उभं २ भागिले लांबी २.५’ असंच लिहा. कोन आडव्याशी मोजला की उभ्याशी, या घोळात निम्मा तास जातो आणि शिकायचा विषय बाजूला राहतो.

याच स्लाइडच्या कोपऱ्यात एक मोजणी टाका. प्रत्येक जॉइंटला दोन समीकरणं मिळतात, एक आडव्या बलांचं आणि एक उभ्या बलांचं. पाच जॉइंट, म्हणजे दहा समीकरणं. अज्ञात किती? सात मेंबर आणि टेकूंच्या तीन रिअ‍ॅक्शन, म्हणजे दहाच. म्हणून हा साकव नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी सुटतो. तीन रिअ‍ॅक्शन कशा आल्या ते मात्र सांगायला हवं: A ला पिन आहे, ती उभी आणि आडवी दोन्ही बलं घेते, E ला रोलर आहे, तो फक्त उभं बल घेतो. प्रत्यक्ष साकवाला रोलर म्हणजे चाक नसतं. बेस प्लेटला लांबट भोक असतं, बोल्ट त्यात जरासा सरकू शकतो. तापमान २० अंशांनी वाढलं तर ६ मीटर पोलाद दीड मिलिमीटरच्या आसपास लांबतं, तेवढी जागा त्या भोकाने द्यायची असते. आपल्या खाऱ्या हवेत ते भोक गंजाने गच्च झालं की E सुद्धा पिनसारखा वागू लागतो. मग अज्ञात अकरा होतात, समीकरणं दहाच राहतात, आणि पुढच्या स्लाइड्सवरची उत्तरं त्या साकवाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

भार कुठे उतरतो

तिसरी स्लाइड भाराची. बहुतेक स्लाइड्समध्ये C वर एक बाण आणि शेजारी आकडा, एवढंच असतं. तो आकडा आला कुठून हे दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मेथड ऑफ जॉइंट्सची सगळ्यात महत्त्वाची अट इथेच दडलेली आहे.

साकवाची रुंदी १.६ मीटर धरा आणि माणसांची दाट गर्दी प्रत्येक चौरस मीटरला ५ किलोन्यूटन. पादचारी पुलांना गर्दीचा भार म्हणून हा आकडा सर्रास धरतात. क्षेत्रफळ ६ गुणिले १.६, म्हणजे ९.६ चौरस मीटर. एकूण भार ४८ किलोन्यूटन. साकवाला दोन्ही बाजूंना एकेक ट्रस आहे, म्हणून एका ट्रसच्या वाट्याला २४. (लोखंडाचं स्वतःचं वजन इथे सोडून देतो. खऱ्या डिझाइनमध्ये तेही जॉइंटवर वाटून घालावं लागतं.)

आता हे २४ ट्रसवर उतरतात कुठे? चालण्याच्या प्लेटा लांबीच्या दिशेने टाकलेल्या बीमवर बसतात, ते बीम आडव्या बीमवर, आणि आडवे बीम A, C, E या जॉइंटनाच जोडलेले असतात. म्हणून भार फक्त जॉइंटवर येतो. A आणि C यांच्यामधल्या १२ पैकी निम्मे A वर जातात, निम्मे C वर. C आणि E यांच्यामध्येही तसंच. हिशेब असा: A वर ६, C वर १२, E वर ६.

खर्च वाचवायला कुणी आडवे बीम गाळून प्लेटा थेट AC वर टेकवल्या तर काय होईल, ते याच स्लाइडवर दाखवा. आपला AC मेंबर ५०×५०×६ चा अँगल आहे असं समजू. पुढे निघेल की त्यात ४.५ किलोन्यूटनचा ताण आहे. अँगलचं क्षेत्रफळ ५६८ चौरस मिलिमीटर, म्हणून स्ट्रेस ८ मेगापास्कलच्या जवळ, अगदी नगण्य. पण मीटरला ४ किलोन्यूटन भार थेट त्याच्या ३ मीटर लांबीवर ठेवला तर ४.५ किलोन्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट येतो. या अँगलचा सेक्शन मॉड्युलस ३.६ घन सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे स्ट्रेसचा हिशेब हजार मेगापास्कलच्या वर जातो. साधं बांधकामाचं पोलाद २५० ला यील्ड होतं. तोच अँगल, तीच माणसं, फक्त भार जॉइंट सोडून मध्ये आला. ‘भार जॉइंटवरच असतो’ हे वाक्य पुस्तकात गृहीतक म्हणून छापलेलं असतं आणि पोरं ते वाचून सोडून देतात. ते प्रत्यक्षात बांधकामाला घातलेली अट आहे.

रिअ‍ॅक्शन आणि जॉइंट A

रिअ‍ॅक्शनची स्लाइड झटपट उरकता येते. भार दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून A ला १२ आणि E ला १२, दोन्ही वरच्या दिशेने. आडवा भार नाही, म्हणून A ची आडवी रिअ‍ॅक्शन शून्य.

जॉइंट निवडताना नियम एकच: जिथे दोनपेक्षा जास्त अज्ञात नाहीत तिथे जायचं. C वर चार मेंबर येतात, B वर तीन. तिथून सुरुवात होत नाही. A वर दोनच आहेत. स्लाइडवर पूर्ण साकव फिका करून एका कोपऱ्यात ठेवा आणि मध्यभागी फक्त A चा मोठा ठिपका काढा. त्या ठिपक्यावर चार बाण: बांधाची रिअ‍ॅक्शन १२ वर, गर्दीचे ६ खाली, AB च्या दिशेने एक, AC च्या दिशेने एक.

AB आणि AC चे बाण ठिपक्यापासून बाहेर जाणारेच काढा. सगळे मेंबर जॉइंटला ओढत आहेत, म्हणजे टेन्शनमध्ये आहेत, असं धरून चालायचं. उत्तर धन आलं तर खरंच टेन्शन, उणे आलं तर कॉम्प्रेशन. ‘बघून कळतं की AB दबलाय’ म्हणून आधीच बाण आत वळवायचा मोह होतो. तो आवरा, का, ते B वर कळेल.

```
उभी बलं:  12 - 6 + 0.8 AB = 0   →  AB = -7.5
आडवी बलं: AC + 0.6 AB = 0       →  AC = +4.5
```

AB मध्ये ७.५ किलोन्यूटन कॉम्प्रेशन, AC मध्ये ४.५ टेन्शन. पहिल्या ओळीतल्या उणे ६ वर पॉइंटर ठेवून थांबा. A वरची निम्म्या पॅनेलची गर्दी थेट बांधावर उतरते, ती ट्रसमध्ये शिरतच नाही. रिअ‍ॅक्शन काढताना ते ६ धरले आणि जॉइंट सोडवताना विसरले, तर AB दुप्पट म्हणजे १५ येतो. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक इतकी दिसते की मी तिच्यासाठी वेगळी स्लाइडच ठेवतो.

जॉइंट B: उणे चिन्ह इथे हरवतं

आता B. तिथे AB माहीत आहे. अज्ञात BC आणि BD. पुन्हा मोठा ठिपका, पुन्हा तिन्ही बाण बाहेर. AB चा बाण B पासून A कडे, म्हणजे खाली-डावीकडे. BC चा खाली-उजवीकडे. BD चा सरळ उजवीकडे.

```
उभी बलं:  -0.8 AB - 0.8 BC = 0
          -0.8 (-7.5) - 0.8 BC = 0            →  BC = +7.5
आडवी बलं: -0.6 AB + 0.6 BC + BD = 0
          -0.6 (-7.5) + 0.6 (7.5) + BD = 0    →  BD = -9
```

समीकरण आधी अक्षरांत लिहायचं आणि मग आकडा त्याच्या चिन्हासकट कंसात घालायचा. स्लाइडवर या दोन ओळी वेगवेगळ्या क्लिकवर येऊ द्या. कारण इथे वर्गात दोन तट पडतात. काही जण म्हणतात, AB दबलेला आहे हे आता कळलंय, मग बाण B कडे वळवू आणि नुसते ७.५ लिहू. तेही बरोबर आहे. घोटाळा होतो दोन्ही एकदम केलं की: बाण वळवला आणि वर उणे ७.५ ही लिहिले. चिन्ह दोनदा उलटलं, म्हणजे जिथे होतं तिथेच आलं. मग BC उणे ७.५ आणि BD अधिक ९ येतो. आकडे अचूक, चिन्हं उलटी. तक्त्यात ते इतकं साळसूद दिसतं की शिकवणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं.

म्हणून एका वर्गाने एकच रीत धरावी आणि सगळ्या स्लाइड्सवर तीच ठेवावी. मी ‘बाण नेहमी बाहेर, चिन्ह आकड्यात’ ही रीत ठेवतो, कारण तीत बाण काढताना विचार करावा लागत नाही. कोपऱ्यातल्या फिक्या साकवावर प्रत्येक जॉइंट सुटला की त्या मेंबरशेजारी आकडा चिन्हासकट लिहा, दबलेल्याला तांबडा रंग आणि ताणलेल्याला निळा. पुढच्या स्लाइडवर विद्यार्थ्याने आकडा तिथून उचलायचा, आठवणीतून नाही.

दुसरा गोंधळ मेंबरवर काढलेल्या बाणांचा. काही स्लाइड्समध्ये मेंबरच्या रेघेवरच दोन टोकांकडे जाणारे बाण असतात. बाण बाहेर म्हणजे ताण, असं पाठ केलेला पोरगा त्याला टेन्शन म्हणतो. पण ते बाण मेंबर जॉइंटला काय करतो ते दाखवत असतात. टोकांकडे जाणारे बाण म्हणजे मेंबर दोन्ही जॉइंटना ढकलतोय, अर्थात तो स्वतः दबलेला आहे. हा प्रकार स्लाइडवर नकोच. बाण ठिपक्यावर, मेंबरवर फक्त रंग.

उरलेली बाजू, आणि तपासणी

D आणि E परत सोडवायची गरज नाही. साकव आणि भार दोन्ही सममित, म्हणून DE उणे ७.५, CE अधिक ४.५, CD अधिक ७.५. एका क्लिकमध्ये उजवी बाजू रंगवून टाका.

C मात्र सोडू नका, जरी तिथे एकही अज्ञात उरलेला नसला तरी. C वर वरच्या दिशेने BC आणि CD चे उभे भाग येतात, ६ आणि ६. खाली गर्दीचे १२. जुळलं. A वरचे ६ विसरलेला विद्यार्थी इथे पकडला जातो, त्याच्याकडे वर २४ आणि खाली १२ येतात. चिन्ह दोनदा उलटवणाराही पकडला जातो. त्याचे तिरके मेंबर C ला खालीच ढकलत असतात आणि बेरीज उणे २४ होते.

पण एक चूक C वर पकडली जात नाही. ०.८ आणि ०.६ ची अदलाबदल केली तर AB उणे १० येतो, BC अधिक १०, आणि C वर ०.६ ने गुणून ६ अधिक ६, पुन्हा बारा! सगळं जुळतं आणि सगळं चुकलेलं असतं. कारण तपासणीतही तोच उलटा गुणक वापरला गेला. यावर उपाय म्हणजे कोनाला हातच न लावणारी तपासणी. साकव B आणि C यांच्यामधून कापला असं समजा, डावा तुकडा घ्या आणि C भोवती मोमेंट घ्या. A वर निव्वळ ६ वर, अंतर ३ मीटर, गुणाकार १८. त्याला तोलतो BD, अंतर २ मीटर. म्हणजे BD मध्ये ९ च हवेत. अदलाबदल करणाऱ्याकडे १६ आलेले असतात. ही मेथड ऑफ सेक्शन्सची एकच ओळ आहे, पण जॉइंटच्या स्लाइड्सच्या शेवटी ती हवीच.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर टेबलावर मॉडेल करा. तांबड्या मेंबरना, म्हणजे AB, BD, DE ना, बांबूच्या काटक्या आणि निळ्यांना, म्हणजे AC, CE, BC, CD ना, सुतळी. C ला पिशवी टांगली की मॉडेल उभं राहतं, फक्त बाजूला कलंडू नये म्हणून वरच्या काटकीला बोटाचा आधार द्या. एखाद्या काटकीच्या जागी सुतळी बांधली की तिथल्या तिथे बसतं.

अर्धाच साकव भरला तर

यानंतर मी एक प्रश्नाची स्लाइड टाकतो. गर्दी फक्त A पासून C पर्यंतच आहे, पलीकडची बाजू रिकामी. जास्तीत जास्त बल कुठे? वर्गातले बहुतेक जण डावे मेंबर म्हणतात. मांडून बघा. A वर ६, C वर ६, E वर काही नाही. रिअ‍ॅक्शन A ला ९ आणि E ला ३. पण A वरच्या ९ मधून गर्दीचे ६ वजा केले की उरतात ३, आणि E लाही ३. ट्रसच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच. सगळ्या मेंबरमधली बलं आधीच्या बरोबर निम्मी, आणि सममित! एका बांधावर दुसऱ्याच्या तिप्पट भार असूनही. मधला जॉइंट एकच असल्यामुळे असं होतं. तीन किंवा जास्त पॅनेलच्या साकवात ते होत नाही. तिथे अर्धवट गर्दीत मधल्या एखाद्या तिरक्या मेंबरमधलं बल पूर्ण गर्दीपेक्षा जास्त भरू शकतं, म्हणून दोन्ही स्थिती तपासाव्या लागतात.

९ किलोन्यूटन म्हणजे किती

शेवटची स्लाइड BD ची. तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा त्याचा, ९, आणि तो कॉम्प्रेशनमध्ये. त्याच ५०×५०×६ च्या अँगलवर स्ट्रेस येतो १६ मेगापास्कल. २५० च्या पुढे १६ म्हणजे काहीच नाही, असं वाटून स्लाइड पुढे ढकलली जाते. पण दबलेला मेंबर चिरडण्याच्या कितीतरी आधी वाकतो. या अँगलची सर्वांत कमी रेडियस ऑफ जायरेशन ९.६ मिलिमीटर. ३ मीटर लांबीला तिने भागलं की स्लेंडरनेस रेशो ३१२ येतो. IS 800:2007 मध्ये नेहमीचे भार घेणाऱ्या कॉम्प्रेशन मेंबरला मर्यादा १८० ची आहे. ऑयलरच्या सूत्राने, टोकं पिनची धरून, तो ११.५ किलोन्यूटनच्या आसपास बकल होतो, आणि ते अगदी सरळ, नवीन, बरोबर मधोमध दाबलेल्या अँगलला. आपली गर्दी ९ देते, त्यात लोखंडाचं वजन धरलेलंच नाही. तेव्हा हा अँगल नापास. तोच अँगल ७.५ टेन्शनच्या BC ला मात्र चालून जातो.

यावर कुणीतरी सुचवतंच की C पासून BD च्या मध्यापर्यंत एक उभा मेंबर टाकू. वर नवा जॉइंट F येईल. F वर भार नाही, दोन मेंबर एका रेषेत आणि तिसरा उभा, म्हणजे उभ्या बलांच्या समीकरणात तो एकटाच. त्यातलं बल शून्य. तरीही तो BD ला वर-खाली वाकण्यापासून अडवतो. आडवं, म्हणजे साकवाच्या बाहेरच्या बाजूला वाकण्यापासून अडवत नाही, कारण तो ट्रसच्याच पातळीत आहे. त्यासाठी बाहेरून तिरका टेकू द्यावा लागतो, किंवा BD साठी आडव्या दिशेने रुंद असलेला सेक्शन घ्यावा लागतो, उदाहरणार्थ दोन अँगल पाठीला पाठ लावून. जॉइंटच्या समीकरणांतून यातलं काहीच दिसत नाही. ती BD ला फक्त ९ हा आकडा देतात, त्याची लांबी आणि जाडी विचारत नाहीत. म्हणून उत्तरांच्या तक्त्यात मेंबर, बल आणि प्रकार या तीन रकान्यांशेजारी चौथा रकाना लांबीचा ठेवा, आणि तांबड्या ओळींपुढे तो ठळक करा.